तात्यांनी व्याज सोडलं, पण पत्र दोनदा लिहावं लागलं : जुन्या बिलावरचं व्याज माफ करण्याचं एक प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात पाईप, फिटिंग आणि नळांचं एक दुकान आहे, त्यांची खाती मी बघतो. दुकानदाराला सगळे तात्या म्हणतात, मीपण तेच म्हणतो. हे प्रकरण मार्च 2025 मधलं आहे आणि ते लिहून काढायचं कारण एकच, व्याज माफ करायचं तात्यांनी दहा मिनिटांत ठरवलं पण ते कागदावर नीट उतरायला तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांत जे समोर आलं ते उधारीवर धंदा करणाऱ्या कुणाच्याही कामाचं आहे.

गिऱ्हाईक म्हणजे बापू. प्लंबिंगची कामं घेतात, हाताखाली चार-पाच पोरं, जीएसटी नंबर आहे, आणि अकरा वर्षं माल इथूनच घेतात. 14 ऑक्टोबर 2023 ला त्यांनी एका बंगल्याच्या कामासाठी माल उचलला, बिल नंबर 412, मालाचे 72,000 आणि 18 टक्के जीएसटीचे 12,960 असे मिळून 84,960. मुदत तीस दिवस, म्हणजे 13 नोव्हेंबर 2023 पर्यंत. बिलाच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं असतंच, मुदतीत पैसे न आल्यास द.सा.द.शे. 24 टक्के व्याज.

बंगल्याच्या मालकाने बापूंचे पैसे अडकवले. बापूंनी 5 जानेवारी 2024 ला कसेबसे 30,000 भरले आणि मग ते बिल तसंच राहिलं. लक्षात घ्या, बापू दुकानात यायचे बंद झाले नव्हते. दर आठवड्याला यायचे, लागेल तो माल रोखीने न्यायचे, फक्त जुन्या बिलाचा विषय दोघंही काढायचे नाहीत. तात्यांना संकोच वाटायचा आणि बापूंना लाज, आणि असं करता करता वर्ष निघून गेलं.

मार्चमध्ये मी नेहमीप्रमाणे सगळ्या गिऱ्हाइकांना बाकी कळवायचे कागद काढले. चूक माझी झाली. वर्षभरापूर्वी तात्यांच्या मुलाने टॅलीमध्ये उधारीच्या खात्यांना व्याजाची गणती चालू करून ठेवली होती आणि मी न बघता व्याजासकट स्टेटमेंट छापलं. बापूंच्या हातात पडलेल्या कागदावर मुद्दल बाकी 54,960, 10 मार्चपर्यंतचं व्याज 18,500, एकूण 73,460 असं होतं. बापू तो कागद घेऊन दुकानात आले, आवाज चढवला नाही, काउंटरवर कागद ठेवला आणि म्हणाले, "तात्या, अकरा वर्षांत तुम्ही मला एक रुपया व्याज लावलं नाहीत, आणि आता एकदम साडेअठरा हजार?"

तात्यांनी तो आकडा पहिल्यांदाच बघितला होता.

आकडा बरोबर होता का, तर गणिताने होता. मुदत संपल्यापासून 5 जानेवारीपर्यंत 53 दिवस पूर्ण 84,960 वर 24 टक्क्याने 2,961 रुपये, आणि 30,000 आल्यावर उरलेल्या 54,960 वर 10 मार्च 2025 पर्यंत 430 दिवसांचे 15,539 रुपये, मिळून 18,500. पण गणित बरोबर असणं वेगळं आणि तो पैसा वसूल होणं वेगळं. बिलाखाली छापलेलं वाक्य बापूंनी कधी सही करून मान्य केलेलं नव्हतं, आणि अकरा वर्षांत कितीतरी बिलं उशिरा भरली गेली तरी कधीच व्याज लागलं नव्हतं. हे भांडण कोर्टात गेलं असतं तर बापूंच्या बाजूने पहिला मुद्दा हाच आला असता की आमच्यात तशी रीतच नाही. कोर्ट मालाच्या किमतीवर व्याज देऊ शकतं, पण ते किती दराने हे कोर्ट ठरवतं, बिलावरची बारीक अक्षरं नाही. काही जण म्हणतील छोट्या उद्योगांच्या कायद्यात उशिराच्या पैशावर जबर चक्रवाढ व्याज मिळतं, पण दुकानदार म्हणजे व्यापारी, आणि व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, 2021 मध्ये परत मिळाली ती बँकेच्या कर्जासाठी, उशिराच्या पेमेंटच्या त्या तरतुदीसाठी नाही. म्हणून तो दरवाजा तात्यांना बंदच होता.

बापू गेल्यावर तात्या मला म्हणाले, "माझं खरं नुकसान किती झालं ते सांग, छापलेलं नको." हा प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक दुकानदार हा विचारतच नाहीत. तात्यांचं बँकेत कॅश क्रेडिट आहे, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, ते साधारण 11 टक्क्यांनी पडतं. बापूंकडे अडकलेला पैसा त्यांनी बँकेचा वापरला असं धरलं तर तेवढ्याच दिवसांचे साधारण 8,480 रुपये होतात. म्हणजे 18,500 मधले साडेआठ हजार खरोखर खिशातून गेलेले आणि बाकीचे दहा हजार हा नुसता धाक. मी सुचवलं की साडेआठ हजार तरी घ्या, बापूपण तयार होतील. तात्यांनी जरा विचार केला आणि नको म्हणाले. त्यांचं म्हणणं असं, की अर्धं व्याज मागितलं की घासाघीस सुरू होणार, त्यात अजून दोन महिने जाणार, तोपर्यंत मुद्दलपण अडकून राहणार, आणि अकरा वर्षांत या माणसाने आपल्याकडे किती घरमालक पाठवले त्याचा हिशोब मी कुठे ठेवला?

व्याज घ्यायचं म्हटलं की त्यात आणखी एक अडचण असते ती बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. उशिराचं व्याज हे जीएसटीच्या दृष्टीने मालाच्या किमतीतच धरलं जातं, आणि त्यावर मालाच्याच दराने कर लागतो. म्हणजे 8,480 घेतले असते तर त्याची डेबिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम वाढवणारा कागद, काढून 18 टक्के भरायचे, नाहीतर आलेल्या पैशातूनच कर बाजूला काढायचा. एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या बाजूची आहे, हा कर व्याज हातात येतं त्या दिवशी लागतो, नुसतं येणं दिसतंय म्हणून नाही. त्यामुळे व्याज सोडलं तर करही नाही आणि रिटर्नमध्ये काही दाखवायचंही नाही. टॅलीत दिसणारे 18,500 ही फक्त गणती होती, त्याची नोंद कुठल्याच खात्यात पडली नव्हती, डेबिट नोट निघाली नव्हती, म्हणून आम्हाला उलट नोंद करायची वेळ आली नाही. ज्यांनी डेबिट नोट काढून ठेवली असेल किंवा वर्षअखेरीला व्याज उत्पन्नात धरलं असेल त्यांना ते आधी निस्तरावं लागतं, नुसतं पत्र लिहून भागत नाही.

तर ठरलं, पूर्ण व्याज सोडायचं. तात्यांनी त्याच रात्री दुकानाच्या लेटरहेडवर स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं आणि सकाळी मला वाचायला दिलं. ते असं होतं :

"बापू, स. न. वि. वि. तुमच्या जुन्या बिलावरचं व्याज मी सोडून देतो. अडचण कुणाला येत नाही. बाकी रक्कम लवकरात लवकर भागवावी ही विनंती. लोभ असावा. तुमचा तात्या."

मनाने हे पत्र सुंदर आहे, आणि खरं सांगतो, मला त्यात हात घालावासा वाटत नव्हता. पण त्यात एक भोक होतं आणि ते बरोबर 2,961 रुपयांचं होतं.

ते असं. बापूंनी जानेवारी 2024 मध्ये 30,000 दिले तेव्हा ते कशापोटी दिले हे कुणी लिहिलं नव्हतं. बापूंच्या मनात ते मालाचे पैसे. पण कायद्याची रीत अशी आहे की पैसे देणाऱ्याने सांगितलं की हे अमुक बिलाचे तर ते तिथेच जमा धरायचे, त्याने काहीच सांगितलं नाही तर घेणारा ठरवू शकतो, आणि व्याज चढलेलं असेल तर कोर्टात सर्वसाधारणपणे आधी व्याज आणि मग मुद्दल असं धरतात. करार कायद्यात कलम 59 ते 61 यावरच आहेत. आता त्या रीतीने हिशोब करा. 30,000 मधले आधी 2,961 व्याजाला गेले, उरलेले 27,039 मुद्दलात गेले, मग मुद्दल बाकी 57,921 होते, 54,960 नाही. तात्यांनी "व्याज सोडतो" लिहिलं, पण 2,961 व्याज तर आधीच वसूल झालेलं असं म्हणता येतं, आणि मग बाकी रक्कम किती, 54,960 का 57,921? पत्रात आकडा नाही. तात्या असं कधी म्हणणार नाहीत हे मला माहीत आहे. पण उद्या दुकान मुलाच्या हातात जाईल, खातं दुसरा कुणी बघेल, आणि तो नवीन माणूस टॅलीमध्ये वेगळी सेटिंग लावून वेगळा आकडा काढेल, तेव्हा बापूंच्या हातातल्या या पत्राने त्यांना काहीच वाचवता येणार नाही.

मी हे तात्यांना कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. ते गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी सोडलंय असं मला वाटतं, पण सोडलेलं नाही."

बाकीच्या उणिवा लवकर सांगतो. कुठलं बिल ते लिहिलेलं नाही, आणि दुकानात बापूंची दोन जुनी बिलं असती तर दोन्हींचं व्याज गेलं असा अर्थ निघाला असता. कुठल्या तारखेपर्यंतचं व्याज ते नाही, त्यामुळे उद्यापासून परत व्याज चढतं का नाही हे कुणालाच ठाऊक नाही. आणि "लवकरात लवकर" ही काही तारीख नाही. तात्यांचं लवकर म्हणजे महिनाअखेर, बापूंचं लवकर म्हणजे बंगलेवाल्याचे पैसे आल्यावर, आणि मुळात सगळं अडकलं होतं ते तिथेच.

मध्येच तात्यांचा मुलगा म्हणाला, व्याज कशाला, सरळ बिलातच दहा हजारांची सूट देऊन टाकू, बापूंना तेच जास्त कळेल. ऐकायला सोपं वाटतं पण ते चुकीचं पडलं असतं. बिल 2023-24 या वर्षातलं, त्यावर किंमत कमी करून जीएसटी कमी करायची क्रेडिट नोट 30 नोव्हेंबर 2024 नंतर काढता येत नाही, आणि आपण मार्च 2025 मध्ये बसलोय. म्हणजे तात्यांनी भरलेला कर तसाच राहिला असता आणि वर किंमत गेली असती. दुसरी बाजू बापूंची. बिल काढल्यापासून 180 दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं कराचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, उलटवावं लागतं, बापूंचे 180 दिवस 11 एप्रिल 2024 ला संपले होते आणि त्यांच्या कन्सल्टंटने न भरलेल्या 54,960 मधला कराचा हिस्सा, म्हणजे 8,384 रुपये, मे 2024 च्या रिटर्नमध्ये उलटवून टाकला होता. हे पैसे त्यांना परत मिळू शकतात, आणि या परत घेण्याला क्रेडिट घेण्याची नेहमीची मुदत आड येत नाही, पण त्यासाठी बिलाचे पूर्ण पैसे करासकट दिलेले दिसले पाहिजेत. किमतीत सूट दिली की तेवढ्या हिश्श्याचं क्रेडिट अडचणीत येतं. व्याज माफ केलं तर मुद्दल आणि कर जसाच्या तसा राहतो आणि बापूंचे 8,384 सुटतात. म्हणून मी पत्रात "सूट" हा शब्दच येऊ दिला नाही, सगळीकडे "व्याज माफ" असंच ठेवलं. दुकानात बोलताना दोन्ही शब्द एकच असतात, खात्यात नसतात.

तात्यांना एक शंका होती आणि ती मला बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळते. बदल्यात काही न घेता नुसतं लिहून दिलं तर ते टिकतं का, उद्या बापूंनी हप्ता बुडवला तर मी अडकलो का? आपल्याकडे करार कायद्याचं कलम 63 सरळ म्हणतं की ज्याला येणं आहे तो ते पूर्ण किंवा थोडं सोडू शकतो, मुदत वाढवू शकतो, आणि त्यासाठी बदल्यात काही मिळालंच पाहिजे असं नाही. म्हणजे लिहून दिलं की ते लागू. म्हणून अट घालायची असेल तर ती त्याच पत्रात, त्याच ठिकाणी घालायला हवी, नंतर तोंडी सांगून काही होत नाही. तात्यांना अट घालायला जड जात होतं, "माफ करतोय आणि वर धमकी देतोय असं वाटेल" म्हणाले. मग आम्ही अट अशी लिहिली की त्यात सात दिवसांची सवड आली आणि एका दिवसाच्या उशिराने सगळं परत चढणार नाही. बापूंचा धंदा मला माहीत आहे, त्यांना पैसे येतात ते कधीच ठरल्या तारखेला येत नाहीत, सवड नसती तर अट पहिल्याच महिन्यात मोडली असती.

हप्ते ठरवायला बापूंना बोलावून घेतलं. तात्या म्हणाले पंचवीस तारीख धरू, बापू म्हणाले पहिला वीस होईल, दुसरा वीस, उरलेले शेवटी. चहा आला, पाच मिनिटांत झालं. मग हे पत्र गेलं, तात्यांच्या भाषेला शक्य तितका धक्का न लावता :

"दिनांक 10 मार्च 2025

प्रति, बापू यांस,

स. न. वि. वि.

आपलं बिल नंबर 412, दिनांक 14 ऑक्टोबर 2023, रक्कम रुपये 84,960, याबद्दल हे पत्र. या बिलापोटी तुमच्याकडून 5 जानेवारी 2024 रोजी 30,000 रुपये मिळाले. ते सगळे मी मुद्दलात जमा धरले आहेत, व्याजात काहीही धरलेलं नाही. त्यामुळे आज या बिलाची मुद्दल बाकी 54,960 रुपये आहे, यात जीएसटी आला.

बिलावर छापल्याप्रमाणे आजपर्यंतचं व्याज 18,500 रुपये होतं. हे व्याज मी पूर्ण माफ करत आहे. खाली लिहिल्याप्रमाणे पैसे येत राहिले तर आजपासून पुढेही या बिलावर व्याज लागणार नाही. मागच्या आठवड्यात पाठवलेला 73,460 रुपयांचा कागद रद्द समजावा.

आपलं ठरलं त्याप्रमाणे 25 मार्चला 20,000, 25 एप्रिलला 20,000 आणि 25 मेला 14,960 रुपये द्यावेत. प्रत्येक तारखेला सात दिवस मागंपुढं चालेल. त्याहून उशीर होणार असेल तर आधी फोन करा, आपण बोलून नवीन तारीख लिहून घेऊ. न कळवता हप्ता राहिला तर ही माफी राहणार नाही.

पैसे पाठवताना बिल नंबर 412 असं जरूर लिहा. ही माफी फक्त याच बिलाची आहे, तुमची बाकीची बिलं नेहमीप्रमाणे.

अडचण कुणाला येत नाही. अकरा वर्षं तुम्ही या दुकानाशी जसं वागलात ते माझ्या लक्षात आहे. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून परत पाठवा.

लोभ असावा.

तुमचा,
तात्या"

दुसऱ्या प्रतीच्या खाली एक ओळ होती, "वरील मजकूर आणि 54,960 रुपयांची बाकी मला मान्य आहे", त्याखाली बापूंची सही आणि तारीख. ही ओळ तात्यांच्या फायद्याची आहे आणि ती विसरली जाते. उधारीच्या मालाच्या पैशासाठी दावा करायला मुदत संपल्यापासून तीन वर्षं असतात, इथे म्हणजे नोव्हेंबर 2026 पर्यंत. तात्यांनी कितीही पत्रं लिहिली तरी ती मुदत हलत नाही, पण देणेकऱ्याने ती संपायच्या आत बाकी लेखी मान्य करून सही केली की तीन वर्षं त्या सहीच्या दिवसापासून नव्याने मोजली जातात. माफीचं पत्र देताना गिऱ्हाईक सही करायला सर्वात खुशीने तयार असतं, ती वेळ सोडू नये. बापूंनी तर तिथेच उभं राहून सही केली, पेन तात्यांचंच होतं, आणि "रद्द समजावा" ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. माझ्या मते सगळ्या पत्रात त्यांना सगळ्यात जास्त तीच हवी होती. व्याजापेक्षा तो छापील कागद त्यांना जास्त लागला होता.

तात्यांच्या मूळ पत्रातलं "अडचण कुणाला येत नाही" आम्ही तसंच ठेवलं, फक्त जागा बदलली. आधी ते वर होतं आणि मग विनंती, त्यामुळे उपकार केल्यासारखं वाटत होतं. आकडे आधी सरळ सांगून झाल्यावर शेवटी ते आलं की मनापासून आल्यासारखं वाटतं. बंगलेवाल्याचा उल्लेख मी मुद्दाम येऊ दिला नाही, कारण पत्र फाईलला राहतं, चार जण वाचतात, आणि बापूंचे पैसे कुणी अडकवले ते तात्यांच्या लेटरहेडवर असायचं काही कारण नाही.

पहिला हप्ता 24 मार्चला आला. दुसरा 30 एप्रिलला, सवडीत, आणि त्याआधी बापूंचा फोनही आला होता. तिसऱ्याला गडबड झाली आणि ती बापूंची नव्हती. 24 मेला त्यांनी 14,960 मोबाईलवरून पाठवले, पण घाईत बिल नंबर लिहिला नाही. त्याच आठवड्यात त्यांनी नवीन माल नेला होता, बिल 9,300 चं, रोख नव्हतं म्हणून तीस दिवसांच्या उधारीवर. तात्यांच्या मुलाने पावती नोंदवताना समोर दिसलं ते नवीन बिल निवडलं, 9,300 तिथे लावले आणि उरलेले 5,660 ऑन अकाउंट टाकून दिले. म्हणजे नवीन बिल फिटलं, बिल 412 वर 14,960 तसेच उभे, आणि जूनच्या दोन तारखेला पत्रातल्या अटीप्रमाणे माफी गेली असं खात्यावरून दिसलं असतं.

हे मला दिसलं ते बिलवार बाकीच्या रिपोर्टमध्ये. खात्याची एकूण बाकी बघितली तर काहीच कळत नाही, कारण एकूण आकडा बरोबरच येतो, 9,300 येणं. बिलवार उघडल्यावर मात्र दिसतं की चौदा हजारांचं जुनं बिल तसंच आहे आणि बाजूला 5,660 कुठल्याच बिलाला न लागलेले लोंबकळतायत. असे लोंबकळणारे पैसे दिसले की समजायचं कुणीतरी चुकीच्या बिलाला पैसे लावलेत. रक्कम बरोबर 14,960 होती, पत्रातल्या हप्त्याइतकीच, तारीखही हप्त्याच्या आदल्या दिवसाची, म्हणजे ती कशाची होती याबद्दल शंका नव्हती. कायद्यानेसुद्धा पैसे कशाचे ते परिस्थितीवरून कळत असेल तर तिथेच धरायचे असतात, गिऱ्हाइकाने लिहिलं नसलं तरी. तरी मी तात्यांना सांगून बापूंना फोन करायला लावला आणि त्यांच्याकडून मोबाईलवर एक ओळ मागवून घेतली, "24 मेचे 14,960 हे बिल 412 चे." मग पावतीची नोंद दुरुस्त केली, पूर्ण रक्कम 412 ला लावली, नवीन बिलाचे 9,300 परत येणं दाखवलं, ते बापूंनी जूनमध्ये वेळेत दिले.

त्याच दिवशी उधारीच्या सगळ्या खात्यांची व्याजाची गणती बंद केली. तात्या म्हणाले ज्याच्याशी आधी बोललोय त्यालाच लावायचं, आणि बोललोय म्हणजे सही घेतलीय असं. आता नवीन उधारीचं खातं उघडताना एक साधा अर्ज भरून घेतात, त्यात मुदत आणि व्याजाचा दर गिऱ्हाइकाच्या सहीने येतो, आणि दर 24 वरून 15 वर आणलाय. माझं मत विचाराल तर 15 ठीक आहे, बँकेचा खर्च निघतो, आणि मागायची वेळ आली तर मागताना जीभ अडखळत नाही.

बापूंच्या कन्सल्टंटला मी बिल 412 ची खात्याची प्रत आणि तिन्ही पावत्या पाठवल्या, त्यांनी ते 8,384 चं क्रेडिट पुढच्या रिटर्नमध्ये परत घेतलं. बिलाच्या दुकानातल्या प्रतीवर तात्यांनी लाल पेनाने "पूर्ण जमा, व्याज माफ, पत्र 10 मार्च 2025" असं लिहून सही केली आणि पत्राची बापूंच्या सहीची प्रत त्या बिलालाच पिन करून ठेवली, पत्रव्यवहाराच्या फायलीत नाही, कारण उद्या कुणी बिल काढलं तर पत्र त्याच्याबरोबरच हातात यावं.